गोड आहे, पण जेवताना जवळ जाऊ नका

जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या मिचेल काउंटी अ‍ॅनिमल रेस्क्यू या छोट्या शेल्टरने ‘पर्डिटा’ नावाच्या मांजरीची जाहिरात टाकली. तिची ओळख जगातली सर्वांत वाईट मांजर अशी करून दिली होती. तिला कुत्री नकोत, मुलं नकोत, जवळ घेतलेलं नको. कोपऱ्यात दबा धरून बसणं तेवढं आवडतं. ती आजारी असावी असं आधी कर्मचाऱ्यांना वाटलं होतं, मग कळलं की स्वभावच तसा आहे. तिच्यासाठी दीडशेहून जास्त अर्ज आले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या ‘प्रॅन्सर’ या चिवावा कुत्र्याबद्दल त्याला तात्पुरतं सांभाळणाऱ्या बाईंनी असंच बेधडक लिहिलं. त्याला पुरुष, मुलं आणि इतर प्राणी अजिबात चालत नाहीत, असं त्यात स्पष्ट होतं. शेवटी कनेक्टिकटमधल्या एका स्त्रीने त्याला घरी नेलं.

या दोन्ही जाहिराती गाजल्या त्या विनोदामुळे. पण त्यांचं खरं काम विनोद करत नव्हता, तपशील करत होता. ‘पुरुष चालत नाहीत’ हे वाचून अनेक घरं आपोआप गळली, आणि नेमकं तसंच घर असलेल्या व्यक्तीला हा कुत्रा आपल्यासाठी आहे हे कळलं.

आपल्याकडे दत्तक देण्याची जाहिरात आता बहुतेक इन्स्टाग्रामच्या कॅरोसेलमधून होते. एकच पोस्ट, बोटाने सरकवायची, प्रत्येक स्लाइडवर एक प्राणी आणि शेवटी अर्जाची माहिती. एका पोस्टमध्ये वीस स्लाइड बसतात, पण पाच-सहा जनावरांपुढे वाचणारा थकतो. शिवाय आपल्याकडची खरी वाहतूक व्हॉट्सअ‍ॅपवरून चालते. एखादी स्लाइड आवडली की लोक तिचाच स्क्रीनशॉट पुढे पाठवतात, शेवटची अर्जाची स्लाइड मागेच राहते. म्हणून नाव, अंदाजे वय, नसबंदी झाली का, शहर, संपर्क आणि तारीख या गोष्टी प्रत्येक स्लाइडवर हव्यात. तारीख नसेल तर दोन वर्षांपूर्वी घर मिळालेल्या कुत्र्यासाठी आजही फोन येत राहतात.

मोठा गोंधळ असतो स्वभावाच्या ओळीत. ‘अतिशय प्रेमळ, शांत, सगळ्यांशी मिळूनमिसळून राहतो’ ही ओळ इतक्या फोटोंखाली सापडते की तिच्यावरून कुठलाही कुत्रा ओळखता येणार नाही. त्यात ‘शांत’ हा शब्द सर्वांत फसवा. नव्याने आणलेला कुत्रा पहिले काही दिवस भेदरलेला असतो. भिंतीकडे तोंड करून बसतो, शेपूट पायांत, माणसासमोर अन्नाला तोंड लावत नाही, उचललं तर लाकडासारखा ताठ होतो. फोटोत हे सगळं शांतपणासारखंच दिसतं. घरी जाऊन दोन-तीन आठवडे झाले की तो मोकळा होतो, दारावरच्या प्रत्येक बेलला भुंकतो, आणि ‘आम्हाला वेगळंच सांगितलं होतं’ म्हणून घरचे फोन करतात. खोटं कुणीच बोललेलं नसतं. पाहिलं चुकीच्या वेळी गेलं होतं. शेल्टरमधली मंडळी तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ठोकताळा सांगतात: बुजरेपणा जायला, दिनक्रम अंगवळणी पडायला आणि घर आपलं वाटायला लागणारा काळ. हा नियम नव्हे, कुणी लवकर रुळतं, कुणी वर्ष घेतं.

मग स्वभावाची एकदाच चाचणी घेऊन टाकली तर? पाश्चात्त्य शेल्टरमध्ये ते बरीच वर्षं केलं गेलं. खोटा प्लॅस्टिकचा हात अन्नाच्या भांड्यात घालायचा आणि कुत्रा चावतो का पाहायचं, अशा चाचण्या होत. गॅरी पॅट्रोनेक आणि जॅनिस ब्रॅडली यांनी २०१६ मध्ये त्यावर लिहिलेल्या शोधनिबंधाचं शीर्षकच असं होतं की या चाचण्या नाणेफेकीपेक्षा बऱ्या नाहीत. खरोखर धोकादायक कुत्री थोडी असल्याने चाचणीत नापास होणाऱ्यांमध्ये निरपराधच जास्त भरतात, असा त्यांचा मुद्दा होता.

एका चाचणीचा भरवसा नसेल तर उरतात रोजच्या नोंदी. एक कल्पित कुत्रा घेऊ: मोगली, देशी, अंदाजे तीन वर्षांचा, नसबंदी झालेला. नेहमीची स्लाइड त्याला ‘गोड मुलगा, सगळ्यांचा लाडका’ म्हणेल. नोंदवही काय म्हणते? खाताना दुसरा कुत्रा दोन हातांवर आला की तो जागीच थिजतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, मग घाईने गिळू लागतो. त्याहून जवळ आल्यास गुरगुरतो. माणूस शेजारून गेला तर काही नाही, पण भांड्याला हात लावलेला खपत नाही. एका स्वयंसेवकाकडे दहा दिवस राहिला, तिथे एकटं ठेवल्यावर अर्धा तास भुंकला आणि दाराची चौकट कुरतडली. मांजर दिसली की पट्टा ओढतो. लहान मुलांबरोबर कुणी पाहिलेलाच नाही.

यातून उतरणारी स्लाइड अशी: ‘मोगलीला जेवायला वेगळी खोली लागते, भांड्याला हात लावू नये. घरात मांजर असेल तर नको. अर्ध्या तासापेक्षा जास्त एकटा राहायला अजून शिकतोय, त्यामुळे दिवसभर कुणीतरी असणारं घर हवं. मुलांबरोबरची वागणूक माहीत नाही. संध्याकाळी लांब फिरायला नेलं की रात्रभर पायांशी झोपतो.’

‘माहीत नाही’ हे लिहायला शेल्टरची माणसं कचरतात, कारण अर्ज कमी होतील अशी भीती असते. पण ते वाक्य गाळलं की वाचणारा गृहीत धरतो की मुलं चालतात, आणि अशा गृहीतकाची किंमत पाच वर्षांच्या मुलाला मोजावी लागू शकते. ‘आक्रमक’ हा शब्दही टाळलेला बरा. तो सगळं झाकतो आणि काहीच सांगत नाही. भांड्यापाशी गुरगुरणारा कुत्रा रस्त्यावर अनोळखी माणसाला शेपूट हलवून भेटत असतो.

जिथे पाहिलं ती जागाही लिहायला हवी. लिसा गंटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पाच शेल्टरमधली कुत्री एक-दोन रात्रींसाठी लोकांच्या घरी पाठवली. घरात असताना त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक कमी झालं, परत आल्यावर पुन्हा पहिल्या पातळीवर गेलं. पिंजऱ्यातली नोंद पिंजऱ्यातल्या कुत्र्याबद्दल असते, एवढं वाचणाऱ्याला कळलं पाहिजे.

शेवटच्या स्लाइडवर क्रम असतो. आधी अर्ज, मग फोन. त्यानंतर घरातल्या सगळ्यांनी, आधीचा कुत्रा असेल तर त्यालाही घेऊन, प्राण्याला भेटायचं. भाड्याचं घर असेल तर मालकाशी आधीच बोललेलं बरं. मग शेल्टरची माणसं घर पाहायला येतात. ती फ्रीजमध्ये डोकावत नाहीत. मांजर न्यायची असेल तर खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी आहे का पाहतात, कारण चौथ्या मजल्यावरून कबुतरामागे झेप घेणारी मांजर हा त्यांच्या रोजच्या अनुभवाचा भाग असतो. मग करारावर सही होते आणि लसीचं कार्ड हातात मिळतं. रेबीजची पहिली लस साधारण तीन महिन्यांच्या वयात, पुढे वर्षाला बूस्टर. पिल्लू असेल तर वय झाल्यावर नसबंदी करण्याचं लेखी कबूल करून घेतात. पुण्या-मुंबईसारख्या शहरांत महापालिकेचा परवाना वेगळा काढायचा असतो.

करारातलं महत्त्वाचं कलम परतीचं: जमलं नाही तर प्राणी शेल्टरकडेच आणायचा, रस्त्यावर सोडायचा नाही की परस्पर कुणाला द्यायचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही रस्त्यावरचा कुत्रा दत्तक घेणाऱ्यावर तो पुन्हा रस्त्यावर जाणार नाही याची जबाबदारी टाकली. परत आलेल्या प्राण्याची स्लाइड मात्र जुनीच पुन्हा चढवायची नसते. त्या घराला काय दिसलं, किती दिवसांनी, नेमकं कशावरून जमलं नाही, हे विचारून घेतात आणि नवी तारीख टाकून मजकूर बदलतात. मोगली परत आला, तर ‘मुलांबरोबरची वागणूक माहीत नाही’ या ओळीच्या जागी आता प्रत्यक्ष पाहिलेलं काहीतरी लिहिता येईल.