९२ आणि ०.९२ एकाच रकान्यात

समजा, केंद्रप्रमुखांकडे दोन शिक्षकांनी चार-चार शाळांच्या हजेरीच्या एक्सेल शीट पाठवल्या. पहिल्याने रकान्याला ‘हजेरी टक्के’ असं नाव देऊन सरळ आकडे टाइप केले: ९२, ८८, ७६, ८४. दुसऱ्याने हजर मुलांना पटाने भागलं. पट ४०, हजर ३६, उत्तर ०.९. मग त्याने वरचं % बटण दाबलं आणि पडद्यावर ९०% दिसू लागलं. बाकीच्या तीन शाळा ८०, ८६ आणि ८४ टक्के. दोन्ही शीटची सरासरी वेगवेगळी काढली तर ८५च येते.

% बटण फक्त आकड्याचं दिसणं बदलतं. सेलमध्ये साठवलेला आकडा ०.९च राहतो. दोन्ही रकाने एकाखाली एक ‘पेस्ट व्हॅल्यूज’ करून आणले की ९२च्या खाली ०.९ येऊन बसतो. बेरीज ३४० अधिक ३.४, म्हणजे ३४३.४. भागिले ८, सरासरी ४२.९.

ही चूक म्हणूनच फसवी आहे. सरासरीच्या सेलला % लावला तर चार हजार टक्क्यांवरचा आकडा दिसतो आणि कुणीही दचकतो. पण नुसतं ४२.९ पाहिलं तर ‘यंदा हजेरी घसरली’ असं वाटून त्या शाळांना खुलासा मागितला जाऊ शकतो. खरं तर या ४२.९चा हजेरीशी फारसा संबंधच नाही. निम्म्या नोंदी शंभरपटीने लहान झाल्या, म्हणून सरासरी जवळपास निम्मी झाली. दुसऱ्या शीटमध्ये आणखी शाळा असत्या, तर ती अजून खाली गेली असती.

ओळखायचं कसं? रकान्यावर `MIN` आणि `MAX` चालवा. लहानातला लहान ०.८ आणि मोठ्यातला मोठा ९२ आला, तर शंका घ्यायलाच हवी. रकाना चढत्या क्रमाने लावला की १च्या खाली एक घोळका, ७६च्या वर दुसरा आणि मध्ये काहीच नाही, हे लगेच दिसतं. पेस्ट करण्याआधीच तपासायचं असेल तर सेलचा फॉरमॅट `General` करा; साठवलेला आकडा समोर येतो.

दुरुस्तीसाठी पुष्कळजण हे सूत्र लावतात:

```
=IF(B2<=1,B2*100,B2)
```

हजेरीसाठी ते बहुधा चालेल. गळतीच्या आकड्यांवर मात्र लावू नये. एखाद्या शाळेची गळती खरोखरच ०.८ टक्का असली, तर हे सूत्र तिचे ८० टक्के करून ठेवेल. १ हा आकडाही असाच अडचणीचा: एक टक्का की शंभर, हे तो आकडा पाहून कळणारच नाही. म्हणून गुणाकार एकत्र केलेल्या रकान्यावर करू नये. ज्या शीटमध्ये अपूर्णांक आहेत, त्या अख्ख्या शीटचा रकाना जोडण्याआधीच १००ने गुणावा, आणि जोडताना प्रत्येक ओळीपुढे ती कुठल्या शीटमधून आली हे लिहून ठेवावं.