पृथ्वीगोल दाबला की मराठी

दादरला राहणाऱ्या मुलाला पुण्याहून आई आयफोनवर निरोप पाठवते आहे. रविवारी दोघांना पहाटेच्या गाडीने बोरघाटातून जायचे आहे. निरोप तीन छोट्या वाक्यांचा: ‘सूर्योदयाआधी निघू. दऱ्या दिसतील. तिकिटाचा PNR पाठव.’ आयफोनवर मराठी टंकताना ज्या जागी बोट अडखळते, त्या जवळजवळ सगळ्या या तीन वाक्यांत आल्या आहेत.

आजवर ही आई इंग्रजी कीबोर्डवरच ‘suryodaya adhi nighu’ असे लिहीत होती. इंग्रजी कीबोर्डला फक्त इंग्रजी शब्द ओळखीचे. त्यामुळे अधूनमधून तो तिचा मराठी शब्द पुसून त्याच्यासारखा दिसणारा एखादा इंग्रजी शब्द तिथे बसवतो, आणि निरोप गेल्यावर ते लक्षात येते. फोनला आता आपण मराठीत लिहितो आहोत हे कळले, म्हणजेच मराठीचा कीबोर्ड निवडला, की हा त्रास थांबतो.

तो जोडायला दोन मिनिटेही लागत नाहीत. Settings उघडून General मध्ये जायचे, तिथे Keyboard आणि मग Keyboards. आधीपासून असलेल्या कीबोर्डांची यादी दिसते. तिच्याखाली Add New Keyboard असते, ते दाबले की भाषांची लांब यादी उघडते. त्यात Marathi निवडायचे. लिपी देवनागरीच आहे म्हणून काहीजण Hindi जोडतात. त्या कीबोर्डवर अक्षरे मिळतात खरी, पण वरच्या पट्टीत येणाऱ्या सूचना हिंदी शब्दांच्या असतात, आणि मराठी लिहिणाऱ्याला त्या पावलोपावली आड येतात. मराठी निवडल्यावर देवनागरी की Transliteration, असे पर्याय समोर येतात. पहिल्यात थेट अक्षरांच्या कळा मिळतात. दुसऱ्यात रोमन कळांवर mala लिहिले की पट्टीत ‘मला’ दिसते आणि स्पेस दिली की ते उमटते. हवे तर दोन्ही घेता येतात. शेवटी Done दाबायचे. फोनच्या बाकी पडद्यांची भाषा याने बदलत नाही. बदलते ती फक्त लिहायची पाटी.

आता निरोपाची चौकट उघडली की कीबोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात पृथ्वीगोलाचे चित्र दिसते. होम बटण असलेल्या जुन्या फोनांवर ते 123 या कळीच्या शेजारी असते. फोनवर फक्त इंग्रजी आणि इमोजी एवढेच कीबोर्ड असताना याच जागी हसरा चेहरा होता, म्हणून कित्येकांनी पृथ्वीगोल कधी पाहिलेलाच नसतो. तो एकदा हलकेच दाबला की पुढचा कीबोर्ड येतो, आणि तो कोणत्या भाषेचा हे स्पेसच्या कळीवर क्षणभर लिहून येते. दाबून धरला तर सगळ्या कीबोर्डांची यादी उघडते आणि बोट न उचलता हव्या त्या नावावर सरकवता येते. दोनच भाषा असतील तर हलका दाब पुरतो. इंग्रजी, देवनागरी मराठी, लिप्यंतराची मराठी आणि हिंदी असा गोतावळा जमला असेल, तर एकेक पुढे ढकलत बसण्यापेक्षा धरून ठेवणेच बरे. लागत नाहीत ते कीबोर्ड Keyboards च्या यादीत Edit दाबून काढता येतात. उरलेल्यांचा क्रमही तिथेच ओढून बदलता येतो.

आईने देवनागरी घेतली आहे. मात्रा आणि स्वर डावीकडे, व्यंजने उजवीकडे ही मांडणी इन्स्क्रिप्ट नावाच्या जुन्या भारतीय मानकातली आहे. शिफ्टचा बाण दाबला की ‘द’च्या जागी ‘ध’ येतो, ‘ल’च्या जागी ‘ळ’. वर्णमालेच्या क्रमाने शोधायची सवय असलेल्यांसाठी iOS 18 पासून तशी मांडणीही मिळू लागली.

पहिला शब्द ‘सूर्योदयाआधी’. यात ‘र्य’वरचा रफार डोळ्यांना ‘य’च्या डोक्यावर दिसतो, म्हणून हात आधी ‘य’कडे जातो. फोन मात्र उच्चाराच्या क्रमाने लिहितो. स, मग ू, मग र, त्यानंतर पाय मोडायची कळ ्, मग य आणि ो. पाय मोडल्यावर ‘र’ तसाच मोडका दिसतो. तिथे थांबून मागे पुसायचे नाही. पुढचा ‘य’ आला की रफार आपोआप त्याच्या माथ्यावर चढतो.

‘तिकिटाचा’मध्ये याच्या उलट फसगत होते. ऱ्हस्व वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी काढतात आणि मराठी टाइपरायटरवरही ती आधी मारायची असे, त्यामुळे कचेरीत आयुष्यभर टंकलेखन केलेली माणसे इथे हमखास चुकतात. फोनवर ‘त’ आधी आणि ‘ि’ नंतर. क्रम चुकला की वेलांटीच्या पोटात ठिपक्यांचे एक रिकामे वर्तुळ दिसते. ते वर्तुळ म्हणजे खूणच: या चिन्हाला धरायला अक्षर मिळालेले नाही. दोन्ही पुसून पुन्हा योग्य क्रमाने लिहिले की काम होते.

सगळ्यात नाजूक शब्द मधला आहे. ‘दऱ्या’ लिहायला गेलेली आई र, ्, य दाबते आणि पडद्यावर ‘दर्या’ उमटते. घाटातल्या दऱ्यांचा समुद्र होतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ या जोडीतही हाच फरक आहे. एकात गुरू, दुसऱ्यात स्वयंपाकी. मराठीत ‘र’ची ही दोन जोडाक्षरे वेगळी आहेत आणि युनिकोडने त्यासाठी ‘ऱ’ हे अक्षर स्वतंत्र ठेवले आहे. इन्स्क्रिप्टमध्ये ते शिफ्ट दाबून ‘र’च्याच कळीवर मिळते. त्यानंतर ् आणि य दिले की ‘ऱ्य’ तयार. लिप्यंतराचा कीबोर्ड वापरणाऱ्याने darya लिहिल्यावर स्पेस द्यायच्या आधी वरच्या पट्टीकडे एकदा पाहावे. कारण पहिली सूचना आपसूक उमटते, आणि ती समुद्राची असू शकते.

उरला PNR. ‘तिकिटाचा’ आणि स्पेस झाल्यावर आई पृथ्वीगोल दाबते, इंग्रजी कीबोर्डवर शिफ्ट दोनदा झटपट दाबून तीन मोठी अक्षरे लिहिते, स्पेस देते आणि पृथ्वीगोल पुन्हा दाबून ‘पाठव’ पुरे करते. आधीचा मजकूर जागचा हलत नाही. एकाच वाक्यात कितीही वेळा भाषा बदलली तरी चालते. पासवर्डाच्या चौकटीत मात्र पृथ्वीगोलातून मराठी मिळत नाही. तिथे फोन फक्त रोमन कीबोर्ड देतो, तेव्हा मराठी कुठे गेली म्हणून Settings पुन्हा धुंडाळायची गरज नाही.

आईने हा निरोप आयफोनच्या स्वतःच्या Messages मधून पाठवला. हे ॲप कोणाशी कोणत्या कीबोर्डवर बोलणे झाले ते लक्षात ठेवते. दुपारी मैत्रिणीला तिने इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या. संध्याकाळी मुलाचे ‘बघ आई, PNR पाठवलाय’ आले, आणि उत्तर द्यायला तिने चौकटीवर बोट ठेवले तेव्हा मराठीच्याच कळा समोर होत्या.