दहापैकी किती, आणि का?

दुचाकी सर्व्हिसिंग करून घरी आणली की हल्ली मोबाइलवर मेसेज येतो : ‘आमचं सर्व्हिस सेंटर मित्राला किंवा नातेवाइकाला सुचवाल का? ० ते १० मध्ये गुण द्या.’ नेट प्रमोटर स्कोअर, म्हणजेच एनपीएस, निघतो तो या एका प्रश्नातून. फ्रेड रायकेल्ड यांनी तो २००३ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त मांडला. एंटरप्राइझ ही मोटारी भाड्याने देणारी अमेरिकी कंपनी ग्राहकांना फोन करून मोजकेच प्रश्न विचारायची आणि सर्वोच्च पसंती देणाऱ्यांनाच मोजायची. रायकेल्ड यांना ही कल्पना तिथेच सुचली.

हिशेब सोपा आहे. ९ किंवा १० देणारे समर्थक, ७-८ वाले तटस्थ, ६ आणि त्याखालचे नाराज. समर्थकांच्या टक्क्यांतून नाराजांचे टक्के वजा करायचे. समजा, एका सर्व्हिस सेंटरला महिन्यात ८० उत्तरे आली. त्यात ४४ समर्थक, २० तटस्थ आणि १६ नाराज. ५५ वजा २०, म्हणजे स्कोअर ३५.

पुढच्या महिन्यात तो ४० झाला तर पेढे वाटायचे का? मुळीच नाही. एवढ्या थोड्या उत्तरांवर काढलेला आकडा निव्वळ योगायोगानेही पंधरा-सतरा गुणांनी वर किंवा खाली जाऊ शकतो.

म्हणून खरा ऐवज दुसऱ्या प्रश्नात असतो : ‘एवढेच गुण का दिले?’ आपल्या उदाहरणात १६ पैकी ११ नाराजांनी लिहिले, ‘सांगितलेल्या वेळेला गाडी मिळाली नाही.’ सेंटरप्रमुखाने यांना दुसऱ्या दिवसाच्या आत स्वतः फोन करावा, बाजू मांडायला नव्हे, ऐकायला. त्यातून कळते की सकाळी काउंटरवर गाडी न तपासताच ‘पाचला या’ सांगितले जाते. दुपारी ब्रेक-पॅड बदलावे लागणार असे दिसते, पार्ट स्टोअरमध्ये नसतो आणि ग्राहकाला कोणी कळवत नाही. मेकॅनिकला दटावून हे सुटणार नाही. आधी तपासणी, मग वेळ, आणि उशीर होणार असेल तर ग्राहक घरून निघण्यापूर्वी फोन, असा क्रमच बदलावा लागतो.

हा आकडा पगाराला किंवा बोनसला जोडला की मात्र घात होतो. किल्ली देताना ‘साहेब, दहा द्या हं, नाहीतर आमचे पैसे कापतात’ अशी विनवणी सुरू होते आणि भिडेपोटी दहा मिळतात. खूण ओळखता येते : दहांची रांग लागते, कारणाची जागा रिकामी राहते, आणि तरीही जुने ग्राहक पुढच्या सर्व्हिसिंगला फिरकत नाहीत. त्यामुळे प्रश्न गाडी नेल्यानंतर एक-दोन दिवसांनी, सेंटरबाहेरच्या माणसाने आणि सगळ्याच ग्राहकांना विचारावा. खूश दिसणारे निवडून विचारू नये. किती जणांनी उत्तर दिले, हेही स्कोअरशेजारी लिहावे. ४०० पैकी ८० बोलले असतील, तर ३२० जणांचे मत अजून कळलेलेच नाही.

वेळेचा क्रम बदलल्यावर तीन महिन्यांनी पाहायचे ते हे : नाराजांच्या कारणांत ‘उशीर’ किती वेळा येतो, आणि ज्या अकरा जणांना फोन केला होता त्यांतले किती जण गाडी घेऊन परत आले.