पांढरा २५५ आणि चपलेखालची सावली

ॲमेझॉनवर वस्तू विकायला ठेवायची, तर तिच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते. या शुद्धतेला माप आहे. लाल, हिरवा आणि निळा, तिन्ही रंगांचा आकडा २५५ भरला पाहिजे. फोटोच्या नेहमीच्या फाइलीत याहून वरचा आकडाच नसतो. शिवाय वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो आणि पादत्राण असेल तर जोडी न ठेवता एकच नग, डावीकडे तोंड करून, ४५ अंशांच्या कोनात ठेवावा लागतो.

मी कोल्हापुरी चपलांचे असे फोटो काढतो. चप्पल विकणाऱ्यांशी पहिला वाद ठरलेला असतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्याकडे बघून ते म्हणतात, "पांढरंच तर आहे की!" डोळ्यांना ते पांढरंच दिसतं, पण मोजलं तर आकडा २३८ येतो. वेबपानाच्या खऱ्या पांढऱ्यावर तो फोटो ठेवला की चपलेभोवती मळकट चौकोन उमटतो. मग सोपा उपाय सुचवला जातो: चप्पल कापून पांढऱ्यावर चिकटवा. तसं केलं की पार्श्वभूमी २५५ होते, पण खालची सावलीही जाते आणि चप्पल अधांतरी तरंगते. संगणकाची तयार सावली जोडली तरी भागत नाही. ती चपलेच्याच आकाराची करडी प्रत असते, थोडी बाजूला सरकवलेली. त्यामुळे चप्पल जमिनीवर टेकलेली न वाटता भिंतीसमोर टांगल्यासारखी वाटते.

खरी सावली एकसारखी नसते. तळ जिथे टेकतो तिथे एक बारीक, जवळजवळ काळी रेघ असते. तिथून सावली बाहेर पसरत फिकी होते आणि कुठे संपते ते बोट ठेवून सांगता येत नाही. चपलेचं टोक किंचित उचललेलं असेल, तर तिथे ती रेघ तुटते आणि सावली मऊ होते. बघणाऱ्याला तळाची जाडी आणि चप्पल कुठे टेकली आहे, हे यावरूनच कळतं. म्हणून सावली टिकवायची. मात्र ॲमेझॉनच्या काही विभागांच्या सूचना जास्त कडक असतात. आपल्या विभागाची सूचना आधी वाचून घ्यावी.

मांडणी साधी आहे. टेबलावर पांढरा, चमक नसलेला ॲक्रिलिकचा पत्रा. त्याच्या मागे मीटरभर अंतरावर पांढरा कागद आणि त्यावर वेगळा दिवा, म्हणजे मागची बाजू कॅमेऱ्यातच २५५ होते. हा दिवा जेमतेम पुरेल एवढाच ठेवायचा. फार वाढवला तर उजेड लेन्समध्ये परततो आणि वेणीच्या बारीक कडा पांढऱ्यात विरघळतात. चपलेसाठी मुख्य दिवा वरून, जरासा मागून. त्याला ६० बाय ९० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स लावतो. चपलेच्या मानाने उजेडाचं तोंड जितकं मोठं आणि जवळ, तितकी सावली मऊ. दिवा मागून असल्यामुळे ती आखूड राहून पुढच्या कडेखाली पडते. समोर थर्माकोलची शीट धरली की कातड्याचा रंग उघडतो.

अडचण टेबलाची आहे. मागचा कागद कितीही उजळता येतो, पण टेबलावर तोच उजेड पडतो जो चपलेवर पडतो. टेबल २५५ पर्यंत नेलं तर मधाच्या रंगाचं कातडं फटफटीत होतं आणि सावलीची फिकी कडा उडते. म्हणून टेबल कॅमेऱ्यात थोडं करडंच ठेवायचं आणि उरलेलं अंतर फोटोशॉपमध्ये कापायचं. ते कितपत जमेल, हे टेबलावरचा उजेड किती सारखा आहे यावर ठरतं.

एका चपलेच्या चाचणीच्या फोटोत सावलीच्या लगत बाहेर टेबलाचा आकडा २३६ होता. सॉफ्टबॉक्स डावीकडे झुकलेला असल्याने उजव्या कोपऱ्यात मात्र २१४ होता. आता Levels मध्ये पांढऱ्याची खूण २३६ वर आणली, तर २३६ आणि त्यावरचं सगळं २५५ होतं. सावलीतला २२८ चा भाग २४६ होतो, २०० चा २१६ आणि रेघेजवळचा ९० चा ९७. म्हणजे सावली थोडी उजळते, पण तिचा उतार शाबूत राहतो. पण कोपरा अजून करडाच आहे. तो पांढरा करायला खूण २१४ वर ओढली, की सावलीतला २१४ ते २३६ मधला सगळा भाग कोपऱ्याबरोबर २५५ होतो. नेमकी तीच सावलीची विरत जाणारी कडा. उरतो तो मधला गडद पट्टा, कात्रीने कापल्यासारखा.

मळका कोपरा आणि सावलीची कडा यांचे आकडे एकच असतील, तर Levels ला त्यांतला फरक कळत नाही. तो फरक उजेडानेच करावा लागतो. मी सॉफ्टबॉक्स मध्यावर आणला आणि उजवीकडे दुसरी थर्माकोल शीट उभी केली. टेबल २३६ ते २४१ मध्ये आलं. सॉफ्टबॉक्स लांब नेऊनही उजेड सारखा झाला असता, पण त्याने सावली टणक होते.

मग दोन थर करायचे. वरच्या थरावर पेन टूलने कापलेली चप्पल, रंगांना हात न लावता. अंगठा आणि पट्ट्याखालच्या फटी विसरायच्या नाहीत. त्यांतून दिसणारं टेबल हमखास करडं राहतं. खालच्या थरावर मूळ फोटो, त्याला Levels २३६. कातड्याचा तांबूस उजेड सावलीत उतरलेला असतो, म्हणून याच थराचा रंग पूर्ण काढून टाकायचा. हे काम १६ बिटमध्ये करावं. आठ बिटमध्ये २४० ते २५५ यांत जेमतेम सोळा पायऱ्या असतात आणि ताणल्यावर सावलीत पट्टे दिसू लागतात.

शेवटी डोळ्यांवर विसंबायचं नाही. सगळ्यांच्या वर Threshold चा थर टाकून आकडा २५५ ठेवायचा. २५५ तेवढं पांढरं राहतं, २५४ सुद्धा काळं दिसतं. मधोमध चप्पल आणि सावली मिळून एकच काळा आकार दिसला, तर फोटो बरोबर. दूरवर सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. कडेला काळी पट्टी दिसली तर टेबल असमान. सावलीचा काळा भाग चौकटीला टेकला, तर तिथे खालच्या थरावर मऊ पांढऱ्या ब्रशने, अगदी हलक्या हाताने ती विरवायची. मग तपासणीचा थर काढून sRGB मध्ये, वरच्या दर्जाची जेपेग फाइल करायची. ती पुन्हा उघडून हीच तपासणी करावी, कारण दाबून लहान केलेल्या जेपेगमध्ये चपलेच्या कडेलगत २५३-२५४ चे कण उगवतात.

हा प्रकार करून बघणाऱ्यांना एकच सांगणं: फोटो काढण्याआधी टेबलाच्या चारही कोपऱ्यांचे आकडे घ्या. त्यांत पाच-सहाहून जास्त फरक असेल, तर शटर दाबू नका, दिवा हलवा.