एक टक्का शेअरचा, सतरा टक्के ऑप्शनचे

एका शेअरचा भाव १,००० रुपये आहे. तो महिन्याभरात वाढेल असं तुम्हाला वाटतं. शेअर घ्यायचे तर ५०० शेअरना पाच लाख रुपये लागतील. त्याऐवजी १,००० रुपयांच्याच स्ट्राइकचा, तीस दिवसांनी मुदत संपणारा कॉल ऑप्शन सुमारे ३१.२५ रुपयांना मिळतो. ५०० चा एक लॉट १५,६२५ रुपयांत पडला. हजाराला सव्वाएकतीसने भागलं की ३२ येतात, म्हणून दलालाचा माणूस सांगतो, ‘‘बत्तीसपट ताकद!’’

हा हिशेब चुकीचा आहे. शेअर दहा रुपयांनी वाढला म्हणून कॉलही दहा रुपयांनी वाढत नाही. मुदतीच्या दिवशी शेअर हजाराच्या वर असेल की खाली, हे अजून ठरलेलं नसतं, म्हणून शेअरच्या वाढीतला काही वाटाच ऑप्शनला मिळतो. या वाट्याला डेल्टा म्हणतात. आपल्या कॉलचा डेल्टा ०.५४४ आहे. म्हणजे शेअरमागे एक रुपया वाढला की ऑप्शनमागे साधारण ५४ पैसे वाढतात. त्यामुळे तुमचा ५०० चा लॉट आज २७२ शेअरसारखा वागतो. त्या शेअरची किंमत २,७२,००० रुपये. तिला १५,६२५ ने भागा: १७.४.

हेच ऑप्शनचं तरफ-गुणोत्तर. ग्रीक अक्षरावरून त्याला लॅम्डा किंवा ओमेगा म्हणतात. सूत्र सोपं आहे: डेल्टा गुणिले शेअरचा भाव, भागिले ऑप्शनचा भाव. शेअर एक टक्का हलला तर ऑप्शन किती टक्के हलेल, हे ते सांगतं. इथले भाव ब्लॅक-शोल्सच्या १९७३ च्या सूत्राने काढले आहेत. त्यात वार्षिक चढउतार २५ टक्के आणि व्याजदर साडेसहा टक्के धरला आहे.

आता त्याच शेअरचे आणखी दोन कॉल पाहू. ९०० च्या स्ट्राइकचा कॉल महाग आहे, १०६.६० रुपये. डेल्टा ०.९४, म्हणजे तो जवळजवळ शेअरच. पण भाव मोठा असल्यामुळे गुणोत्तर ८.८ वरच थांबतं. १,१०० च्या स्ट्राइकचा कॉल मात्र पावणेचार रुपयांत मिळतो. त्याचा डेल्टा फक्त ०.११, तरी गुणोत्तर जवळपास ३०. नुसता भागाकार केला असता तर हाच आकडा २६७ दिसला असता.

मग तीसपटीचा कॉल सर्वांत उत्तम का? दहा दिवस थांबून बघू. समजा, या काळात शेअर १,०१० वर गेला. अंदाज बरोबर ठरला, एक टक्का वाढ झाली. तीस टक्के फायदा व्हायला हवा होता. पण पावणेचार रुपयांचा कॉल सव्वादोन रुपयांवर आलेला असतो, म्हणजे ४० टक्के तोटा. कारण गुणोत्तर फक्त या क्षणी, बाकी सगळं जागच्या जागी असताना शेअरच्या हालचालीचा परिणाम सांगतं. रोज झिजणारी मुदत त्यात नाही. बाजाराची चढउताराबद्दलची अपेक्षा कमी झाली तर तीही ऑप्शनचा भाव उतरवते, आणि तिचाही त्यात समावेश नाही.

शिवाय हे गुणोत्तर स्थिर नसतं. आपला १,००० चाच कॉल घ्या. आजच शेअर १,०१० झाला तर ऑप्शन सुमारे ३७ रुपयांवर जातो, म्हणजे १८ टक्के फायदा, आणि गुणोत्तर १६.४ वर उतरतं. शेअर ९९० वर घसरला तर ऑप्शन सुमारे २६ रुपयांवर येतो, साडेसोळा टक्के तोटा, आणि गुणोत्तर साडेअठरावर चढतं. म्हणजे हातातली रक्कम आटते, तशी उरलेल्या रुपयाची उडी-घसरण अधिक तीव्र होते. शेअर जागचा हलला नाही तरी हेच घडतं. दहा दिवसांनी हाच कॉल २५ रुपयांचा उरतो आणि गुणोत्तर २१ च्या पुढे जातं. तेव्हा पडद्यावर वाढलेलं गुणोत्तर ही नेहमीच खुशखबर नसते.

या आकड्याचा खरा उपयोग रक्कम ठरवताना होतो. या शेअरमध्ये तुम्ही एक लाख रुपये घालणार होता असं समजा. तेवढीच जोखीम १,००० च्या कॉलने घ्यायची तर लाखाला १७.४ ने भागायचं. उत्तर येतं सुमारे ५,७५० रुपये. पण लॉट तर १५,६२५ रुपयांचा आहे, आणि अर्धा लॉट मिळत नाही. ‘पंधरा हजारच तर लावतोय’ म्हणणाऱ्याने पहिल्याच दिवशी पावणेतीन लाखांच्या शेअरइतकी हालचाल अंगावर घेतलेली असते.