ताळेबंद वाचताना : आरओईची तीन चाकं

मागच्या भागात आपण रिटर्न ऑन इक्विटी, म्हणजे आरओई, काढायला शिकलो : निव्वळ नफा भागिले भागधारकांचा निधी. या एका आकड्यावरून ‘चांगली कंपनी’ ठरवायची सवय बाजारात फार आहे. पण आकडा मोठा कशामुळे झाला, हे तो स्वतःहून सांगत नाही. ते कळण्यासाठी त्याची फोड करावी लागते. या फोडीला अमेरिकेतल्या ड्यूपॉंट कंपनीचं नाव आहे. तिथल्या डोनाल्डसन ब्राउन यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मालमत्तेवरचा परतावा मार्जिन आणि उलाढाल असा वेगळा करून दाखवला. तिसरा घटक पुढे जोडला गेला.

सूत्र असं :

आरओई = (नफा ÷ विक्री) × (विक्री ÷ एकूण मालमत्ता) × (एकूण मालमत्ता ÷ भागधारकांचा निधी)

पहिला भाग मार्जिन : शंभर रुपयांच्या विक्रीत किती उरतात. दुसरा उलाढाल : मालमत्तेतल्या एका रुपयावर वर्षात किती रुपयांची विक्री होते. तिसरा लिव्हरेज : मालमत्ता मालकांच्या पैशांच्या किती पट आहे.

आता नेस्ले इंडियाचं 2022 हे वर्ष घेऊ. ढोबळ आकडे असे : विक्री 16,900 कोटी रुपये, निव्वळ नफा 2,400 कोटी, एकूण मालमत्ता 9,000 कोटी, भागधारकांचा निधी 2,460 कोटी. आरओई निघतो जवळपास 98 टक्के! मालकांनी ठेवलेल्या शंभर रुपयांवर वर्षात 98 रुपये. हे वाचून कुणीही हरखून जाईल. पण फोड करून बघू.

मार्जिन 14.2 टक्के, उलाढाल 1.88 पट, लिव्हरेज 3.66 पट. पहिल्या दोघांचा गुणाकार सुमारे 26.7 टक्के येतो. ही धंद्याची खरी कमाई, आणि ती उत्तमच आहे. तिचे 98 झाले ते तिसऱ्या घटकामुळे.

3.66 पट म्हटल्यावर डोक्यात पहिला विचार येतो तो कर्जाचा. ताळेबंदाची देण्यांची बाजू उघडली, तर बँकांचं कर्ज तिथे नगण्य दिसतं. मोठे आकडे आहेत ते पुरवठादारांच्या देण्यांचे आणि कर्मचाऱ्यांच्या लाभांसारख्या गोष्टींसाठी केलेल्या तरतुदींचे. शिवाय नफ्याचा बहुतेक हिस्सा दरवर्षी लाभांश म्हणून वाटला जातो, त्यामुळे भागधारकांचा निधी फुगतच नाही. छेद लहान राहिला की भागाकार मोठा येणारच.

हे पडताळायचं असेल, तर एक कल्पना करा. आदल्या काही वर्षांत कंपनीने लाभांश कमी वाटला आणि 2,400 कोटी रुपये रोख तसेच पडून राहिले. मालमत्ता 11,400 कोटी, निधी 4,860 कोटी. त्या रोखीवरचं व्याज बाजूला ठेवू. मग नफा तोच, विक्री तीच. उलाढाल 1.48 वर येते, लिव्हरेज 2.35 वर, आणि आरओई सुमारे 49 टक्के. कारखान्यात काही बदललं नाही, मॅगीचं एकही पाकीट कमी खपलं नाही, तरी आरओई निम्मा झाला. म्हणूनच 98 टक्क्यांचा अर्थ ‘पुढे गुंतवलेल्या प्रत्येक रुपयावर 98 पैसे मिळतील’ असा घ्यायचा नाही.

या फोडीचा खरा उपयोग एकाच कंपनीची चार-पाच वर्षं शेजारी मांडून होतो. समजा, एका कंपनीचा आरओई तीन वर्षं 16 टक्क्यांवर स्थिर आहे. आत मात्र मार्जिन 10 वरून 7 टक्क्यांवर घसरलंय, उलाढाल 1 वर टिकून आहे आणि लिव्हरेज 1.6 वरून 2.3 पटीवर गेलंय. म्हणजे धंद्यातली घसरण उसन्या पैशाने झाकली गेली. पुढे व्याजदर चढले, तर व्याज मार्जिनलाच खाणार, आणि आरओई एकदम कोसळेल. वरवरच्या आकड्यात याची चाहूलही लागत नाही.

दोन पथ्यं पाळावीत. बँकांचं लिव्हरेज इतर कंपन्यांशी ताडू नये. ठेवीदारांच्या पैशावर चालणाऱ्या धंद्यात ते मोठंच असतं, तिथे मालमत्तेवरचा परतावा आधी पाहावा. आणि साचलेल्या तोट्यांमुळे निधी आक्रसलेल्या कंपनीत थोडासा नफाही आरओई आकाशाला भिडवतो. अशा वेळी सूत्राचा तिसरा भाग आधी काढावा, तो अवाढव्य दिसला की आकड्याचं गुपित उघडं पडतं.

पुढच्या भागात : पुरवठादारांची देणी, उधारी आणि साठा. रोख पैसा धंद्यात किती दिवस अडकतो, ते कसं मोजायचं.