पहिल्या मिनिटाचा स्कोअर बघून स्लिम लॅपटॉप घेऊ नका

इंटेलच्या बऱ्याच स्लिम लॅपटॉपमध्ये प्रोसेसरला दोन मर्यादा असतात. थोडा वेळ तो भरपूर वीज ओढतो, मग कायमच्या मर्यादेवर येतो. जाहिरातीतला वेग बहुधा त्या पहिल्या अर्ध्या-एक मिनिटाचा.

म्हणून Cinebench R23 मध्ये Minimum Test Duration 30 मिनिटं ठेवा, चार्जर लावा आणि बाजूला HWiNFO उघडून `CPU Package Power` बघत बसा. समजा, सुरुवातीला 55 वॉट दिसले आणि मिनिटभरात 28 झाले. यात बिघाड काहीच नाही, ठरवून दिलेली मर्यादा आहे ती. पुढे अर्धा तास 28 टिकले, तर कूलिंग पुरेसं आहे. पण तोच आकडा हळूहळू 19 वर घसरला, तर तापमानही बघा. ते 95-100 अंशांना चिकटलेलं असेल तर उष्णता बाहेर पडत नाहीये: फॅन, धूळ किंवा वाळलेली थर्मल पेस्ट. तापमान 75 च असूनही वॉट घसरले, तर बॉडी हाताला चटका देऊ नये म्हणून कंपनीनेच लगाम खेचलेला असतो. तिथे पेस्ट बदलून फारसं हाती लागत नाही.

गेमिंग करणार असाल तर ही चाचणी अपुरी आहे. पातळ मशीनमध्ये सीपीयू आणि जीपीयूचा हीट पाइप बहुतेक वेळा एकच असतो, त्यामुळे दोघांवर एकदम ताण द्या. आणि दुकानातल्या एसीत मिळालेला आकडा नागपूरच्या मे महिन्यात मिळेल, अशी आशा धरू नका!